कोपरामागची नस

(वाकोला येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवरचा विषय वाचून काही मंडळी आज घरीच थांबली असतील. संयोजकांनाही ती धास्ती होतीच. ‘त्वचेची निगा’ असं काहीतरी सौम्य नाव देऊ या का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. त्वचेची निगा ऐकायला आलेल्या माणसाला मी कुष्ठरोग सांगत बसलो तर तो फसवल्यासारखा उठून जाईल, आणि त्याचं बरोबरच असेल.

मी डॉक्टर नाही. माझी नोकरी कुष्ठरोग तंत्रज्ञाची. म्हणजे वस्तीत घरोघर फिरायचं, चट्टे बघायचे, नसा चाचपायच्या, संशय आला की डॉक्टरांकडे न्यायचं आणि गोळ्या सुरू झाल्या की त्या पुऱ्या होईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. त्यामुळे आज मी जंतूंचं शास्त्र फार सांगणार नाही. मला सांगायचंय ते एका नसेबद्दल. तुमच्या प्रत्येकाच्या कोपरामागे ती आहे. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत वीज सळसळते ना, तीच ती.

आधी एक गैरसमज दूर करतो. कुष्ठरोग बरा होतो की नाही, हा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय. 1873 साली नॉर्वेच्या हान्सेन यांनी याचा जंतू दाखवला, आणि 1982 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एकाच वेळी अनेक औषधं द्यायची पद्धत आली. तिला आपण एमडीटी म्हणतो. त्यातल्या रिफॅम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने शरीरातले बहुतेक सगळे जंतू मरतात. गोळ्यांचं पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. चट्टे कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने घ्यायच्या. इतकं सोपं आहे तर मग तपासणीची घाई कशाला? आज नाही तर पुढच्या वर्षी बघू, असं कुणी म्हणालं तर काय बिघडलं?

बिघडतं ते नसेचं. औषधाने जंतू मरतो. मेलेली नस जिवंत करणारं औषध नाही. नसेवर परिणाम सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील तर ती सावरू शकते. साधारण सहा महिने उलटले की सावरण्याची आशा फार कमी होते. लवकर तपासा म्हणतात ते या सहा महिन्यांसाठी.

आता प्रत्यक्ष एका माणसाचा हात घेऊन बोलू. दोन-तीन जणांच्या हकिगती एकत्र करून मी हा माणूस उभा केलाय, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडायला नको. वाकोल्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून इस्त्री करणारा तिशीतला गडी. गावाकडचे आणखी तिघं आणि तो, एका खोलीत राहतात. त्याच्या उजव्या हाताच्या आतल्या अंगाला, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फिकट चट्टा उठला. खाज नाही, दुखणं नाही, पापुद्रा नाही. चार महिन्यांनी तो तळहाताएवढा झाला. त्याने औषधाच्या दुकानात हात दाखवला. दुकानदाराने नायटा म्हणून एक ट्यूब दिली.

ही ट्यूब मुंबईभर खपते. तिच्यात बुरशीवरचं औषध असतं, जंतूंवरचं असतं आणि वर एक जोरकस स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडमुळे चट्ट्याची लाली आणि उठावदार कड थोडे दिवस बसते. गड्याला वाटलं, गुण येतोय. मग दुसरी ट्यूब, तिसरी ट्यूब. आठ महिने गेले.

नायट्याने माणूस खाजवून हैराण होतो. कडेला पापुद्रे सुटतात. खाजच नसलेला चट्टा नायटा म्हणून महिनोन्महिने चोळत बसणं म्हणजे भलत्याच घरी धाड घालणं. तसेच काही दुसरे डाग. कोडाचा डाग दुधासारखा पांढराशुभ्र असतो आणि त्यावर टोचलेलं नीट कळतं. छाती-पाठीवरची शिबं हलक्या भुशासारखी असतात, त्यांवरही स्पर्श शाबूत. लहान मुलांच्या गालांवर फिकट डाग येतात, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. कुष्ठरोगाचा चट्टा पूर्ण पांढरा होत नाही. तो आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर, तांबूस असतो. त्यावरची लव विरळ होते. आणि मुंबईत बघायची एक खूण म्हणजे घाम. मे महिन्यात सगळा हात चिकट झालेला असताना एवढाच तुकडा कोरडा राहतो, कारण घामाच्या ग्रंथी चालवणाऱ्या बारीक नसा तिथे बंद पडलेल्या असतात.

आमच्या गड्याच्या हातावर तो कोरडा तुकडा होता. पण तो स्वतःहून आला नाही. त्याच्या हाताला इस्त्रीचा चटका बसला होता आणि तो त्याला कळलाच नव्हता. करंगळीच्या बाजूला चांगला फोड आला होता. कपडे न्यायला आलेल्या एका शाळेतल्या बाईंनी तो पाहिला आणि विचारलं, अरे, हे भाजलं कधी? याला सांगता येईना. बाईंनी त्याला जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात पाठवलं, तिथून तो आमच्याकडे आला.

तपासणी कशी होते ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की यंत्रं, सुया, रक्त असं काहीतरी भयंकर असणार. आमच्या हातात असतं एक साधं बॉलपेन. माणसाला खिडकीशी उजेडात बसवायचं. आधी चांगल्या कातडीवर पेनाच्या टोकाने हलकं टेकवून दाखवायचं. ओरखडा काढायचा नाही, दाबायचं नाही, खळगा पडेल न पडेल इतकंच. त्याला सांगायचं, डोळे मिटा, आणि जिथे टेकवलं असं वाटेल तिथे बोट ठेवा. मग चट्ट्याच्या मधोमध टेकवायचं, मध्येच चांगल्या कातडीवर, पुन्हा चट्ट्यावर. त्याचं बोट बरोबर जागी जातंय का, की दोन-तीन बोटं बाजूला, की हलतच नाही, हे बघायचं.

नवे लोक इथे एक चूक हमखास करतात. ते विचारतात, ‘कळलं का?’ असं विचारलं की माणूस ‘हो’ म्हणतो. त्याला नापास व्हायचं नसतं. म्हणून तोंडी प्रश्न विचारायचाच नाही, बोट दाखवायला लावायचं. इस्त्रीवाल्याचं बोट चांगल्या कातडीवर बरोबर जाई, आणि चट्ट्यावर पेन टेकलं की तो डोळे मिटून वाट बघत बसे. तिन्ही वेळा तसंच झालं.

मग मी त्याचं कोपर हातात घेतलं. हात अर्धा वाकवला, आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या मागे जी खोबण असते, तिच्यात दोन-तीन बोटांचं मांसल टोक ठेवून नस हळूच चाचपली. चांगली नस बोटाखाली मऊ दोरीसारखी लागते. त्याची उजवीकडची डावीकडच्या दुप्पट जाड होती आणि कडक. दोन्ही बाजू नेहमी ताडून बघाव्या लागतात, कारण कष्टकऱ्याची नस मुळातच जरा ठसठशीत असते. चाचपताना नजर बोटांकडे नव्हे, त्याच्या चेहऱ्याकडे ठेवायची. त्याने दात आवळले. नस दुखत होती, म्हणजे सुजलेली होती.

ही नसच का? जंतूला थंडावा मानवतो. शरीराच्या आतल्या सदतीस अंशांपेक्षा थोडी गार जागा त्याला हवी असते, आणि म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या नसा तो धरतो. कोपरामागची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्याच्या आतली, मानेच्या बाजूची, चेहऱ्याची. नसेच्या आत जंतू ठाण मांडतो, तेव्हा बराच काळ काही जाणवत नाही. पुढे शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते, आणि तो हल्ला होतो नसेच्या आतच. नसेला घट्ट वेष्टण असतं. आत सूज आली की पसरायला जागा नाही, रक्त पोचत नाही, आणि नसेचे तंतू गुदमरतात. या अचानक भडक्याला आम्ही रिॲक्शन म्हणतो.

शेवटची तपासणी ताकदीची. मी त्याला तळहात आडवा धरून करंगळी बाहेर ओढायला सांगितली आणि माझ्या बोटाने ती आत ढकलली. डावी करंगळी दटून राहिली. उजवी लगेच आत गेली. मग त्याच्या बोटांच्या मध्ये कागदाचा कपटा धरायला दिला आणि ओढला, तो अलगद सुटला. किती दिवस असं आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, बटण लावायला त्रास होतोय, पंधरा-वीस दिवस झाले. ते ऐकून मला हायसं वाटलं. चट्टा वर्षाचा होता, पण दुबळेपणा तीन आठवड्यांचा. म्हणजे नसेला अजून वेळ होता.

डॉक्टरांनी त्याला एमडीटी सुरू केली. चट्टा एकच होता, नस एकच जाड होती, म्हणजे कमी जंतूंचा प्रकार, सहा महिन्यांचा. आणि नसेच्या सुजेसाठी प्रेडनिसोलोन. हेही स्टेरॉइडच, पण ट्यूबमधलं कातडीवर चोळायचं नव्हे, पोटात घ्यायचं आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. साखर आणि रक्तदाब बघून, क्षयाची लक्षणं नाहीत ना हे विचारून, रोज 40 मिलिग्रॅमने सुरुवात केली. दर दोन आठवड्यांनी मात्रा उतरवत 30, 20, 15, 10, 5. एकूण बारा आठवडे. मध्येच सोडायच्या नाहीत, बरं वाटलं तरी. हाताला आधाराची पट्टी दिली, व्यायाम दाखवला. इस्त्रीच्या मुठीला जाड कापड गुंडाळायला सांगितलं, आणि रोज रात्री उजेडात दोन्ही हात उलटसुलट बघायला सांगितले, कारण वेदनेचं काम आता डोळ्यांनी करायचं होतं.

लोकांना वाटतं, या आजारात बोटं झडतात. झडत नाहीत. वेदना न कळणाऱ्या हाताला चटके बसतात, जखमा होतात, त्या चिघळतात, हाडापर्यंत जातात, आणि वर्षानुवर्षं अशा जखमांनी बोट आखूड होतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे पुन्हापुन्हा दाखवून दिलं. त्यांच्याकडच्या काही रुग्णांची बोटं रात्रीत जखमी होत. मागे लागून बघितलं तर झोपेत उंदीर कुरतडत होते, आणि माणसाला पत्ताच नव्हता. आपल्याकडे डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात आणि पुढे जे. जे. रुग्णालयात वाकडी झालेली बोटं शस्त्रक्रियेने सरळ करायचं काम उभं केलं. चांगल्या स्नायूचा कंडरा उचलून लुळ्या बोटांना जोडतात आणि मूठ पुन्हा वळते. मात्र त्यानेही स्पर्श परत येत नाही. हलवता येणारा हात मिळतो, जाणणारा नाही.

आमच्या गड्याची करंगळी चार महिन्यांत जवळपास पूर्ववत झाली. बटणं लागू लागली. करंगळीच्या टोकाची बधिरता थोडी राहिली, ती बहुधा कायमची. चट्टा हळूहळू आजूबाजूच्या रंगात मिसळत गेला. रंग यायला औषध संपल्यावरही महिने लागतात, त्यामुळे चट्टा दिसतोय म्हणजे औषध लागू पडलं नाही, असं समजून घाबरायचं कारण नाही.

आता या पेनाच्या परीक्षेची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही घरी जाऊन एकमेकांना पेनं टेकवाल आणि बिनधास्त व्हाल. ज्यांच्या शरीरात जंतू सर्वांत जास्त असतात, त्यांच्याकडे बधिर चट्टा बरेचदा नसतोच. कातडी तेल चोपडल्यासारखी चकचकीत, कानाच्या पाळ्या जाड, भुवया बाहेरच्या टोकाकडून विरळ, नाक सतत चोंदलेलं. असा माणूस ‘तब्येत सुधारलीय’ म्हणून कौतुकाचा धनी होतो. तिथे कानाच्या पाळीतून बारीक चीर घेऊन काचपट्टीवर जंतू तपासावे लागतात. आणि उलट, प्रत्येक बधिर पाय कुष्ठरोगाचा नसतो. या सभागृहात मधुमेहवाले पुष्कळ असतील. साखरेमुळे येणारी बधिरता दोन्ही पावलांना सारखी, मोजे घातल्यासारखी वर चढत जाते, आणि नसा जाड होत नाहीत. कुष्ठरोगाची एका बाजूला, एखाद्या नसेच्या हद्दीत असते. फरक डॉक्टरांनी करायचा. तुम्ही फक्त जायचं.

जात का नाहीत लोक? याचं उत्तर वडाळ्याला आहे. 1890 साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांनी रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णांसाठी माटुंग्याला आश्रयस्थान काढलं. आज ते वडाळ्याचं ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय. हे तेच ॲक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या सोबतीने मराठी पोवाडे गोळा करून छापले, आणि पोवाडे इंग्रजीतही नेले. शाहिरीचे अभ्यासक त्यांना एका कारणाने ओळखतात आणि आम्ही दुसऱ्या. तर त्या काळी औषध नव्हतं, तेव्हा माणूस बाजूला काढणं एवढंच हाती होतं. वडाळ्याला नेलं म्हणजे माणूस घराला मुकला, ही आठवण तीन-चार पिढ्या टिकली. आजही चट्टा दाखवायला सांगितलं की आजीबाई कुरकुरतात, हात दाखवून अवलक्षण कशाला. आज त्याच रुग्णालयात माणूस सकाळी जातो, तपासून गोळ्या घेतो आणि दुपारी कामावर हजर होतो. गोळ्या सुरू झाल्या की तो दुसऱ्याला आजार देत नाही, त्यामुळे वेगळं ताट, वेगळी चादर कशाचीच गरज नाही.

बायकांच्या बाबतीत लपवाछपवी जास्त, लग्नामुळे. 2019 साली संसदेने कायदा बदलला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलं नाही. कायदा बदलला तरी सासूचं मत बदलायला वेळ लागतो, आणि त्यामुळे मुली फुल बाह्यांचे कपडे घालून वर्षभर काढतात.

आणखी एक कारण आम्हीच निर्माण केलंय, असं माझं मत आहे. डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि कुष्ठरोगाचं ‘दूरीकरण’ झाल्याची घोषणा झाली. घोषणा आकड्यापुरती खरी होती. पण ऐकणाऱ्याने ‘संपला’ असं ऐकलं. नव्या डॉक्टरांना वाटलं, पुस्तकातला आजार. खास कर्मचारी सर्वसाधारण आरोग्य सेवेत सामावले गेले, घरोघरचं फिरणं कमी झालं. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात. म्हणून 2016 पासून पुन्हा शोधमोहिमा सुरू झाल्या. आशाताई आणि त्यांच्यासोबतचा पुरुष कार्यकर्ता दारात येतात ते त्यासाठी. दारात उभ्या उभ्या ‘आमच्याकडे कुणाला नाही’ असं सांगून त्यांना वाटेला लावू नका.

आता खोलीतल्या बाकीच्या तिघांचं. हा जंतू नाका-तोंडावाटे, दीर्घकाळ जवळ राहिल्याने पसरतो. बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. पण एकाच खोलीत वर्षानुवर्षं झोपणाऱ्यांची तपासणी करावीच लागते. अडचण अशी, की आम्ही नुसते त्या गल्लीत शिरलो तरी शेजारी विचारतात, कुणाला झालंय? म्हणून आम्ही गल्लीतल्या सगळ्याच घरांत कातडीची तपासणी करतो, म्हणजे कुणाकडे बोट रोखलं जात नाही. त्या खोलीत एकाच्या पाठीवर, पँटच्या पट्ट्याच्या वर, चट्टा सापडला. स्वतःच्या पाठीवरचा चट्टा दिसणार कसा? दाखवायला बायको गावी. तो एकच चट्टा होता आणि नस एकही जाड नव्हती. सहा महिने गोळ्या घेऊन तो कुठलंही व्यंग न येता मोकळा झाला. उरलेल्या दोघांना काही नव्हतं. त्यांना प्रतिबंधासाठी रिफॅम्पिसिनची एकच मात्रा दिली. तिने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

गोळ्या घेताना काय होतं तेही सांगून ठेवतो, कारण इथेच माणसं औषध सोडतात. महिन्याच्या मात्रेनंतर लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, रिफॅम्पिसिनचा रंग. क्लोफाझिमिनने कातडी काळपट पडते आणि कोरडी होते. ती औषध थांबल्यावर हळूहळू उजळते. पहिल्या दोन महिन्यांत अंगभर पुरळ उठलं आणि ताप आला तर मात्र डॅप्सोन सोसत नसेल, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं, नसेची रिॲक्शन औषध चालू असताना येऊ शकते, औषध संपल्यावरही येऊ शकते. माणूस म्हणतो, गोळ्या घेतल्या आणि हात वाकडा झाला. गोळ्यांनी नाही झालेला. मेलेल्या जंतूंचे अवशेष नसेत राहतात आणि शरीर त्यांच्याशीही भांडतं. म्हणून नवा दुबळेपणा, नवी बधिरता, कोपरामागे ठणका, डोळा पुरता न मिटणं, चालताना पावलाचा पुढचा भाग जमिनीला घासणं, यांतलं काहीही दिसलं तर उपचार पुरे झालेले असले तरी परत यायचं.

जंतू फार संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात, आणि लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीसही जातात. म्हणून खोलीतल्या त्या दोघांची तपासणी एकदा करून भागत नाही. वर्षातून एकदा, काही वर्षं, त्यांना पुन्हा बघावं लागतं. मुंबईत हे सर्वांत कठीण काम आहे. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, माणसं वाकोल्यातून नालासोपाऱ्याला जातात, तिथून दिव्याला. म्हणून आम्ही जाताना त्यांच्या मोबाइलमध्ये दवाखान्याचा नंबर घालून देतो आणि त्यांचं उपचार कार्ड त्यांच्याच हाती ठेवतो. राहायला जाल तिथल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात ते दाखवलं की पुढची तपासणी तिथून सुरू होते.